‘दुग्धशर्करामुक्त’ म्हणजे ‘दुधाविना’ नव्हे

शहरांतील दुकानांच्या शीतकपाटांत आता ‘लॅक्टोज-फ्री’ दुधाची पाकिटे सर्रास दिसू लागली आहेत. दूध न पचणाऱ्यांची संख्या आपल्या देशात मोठी आहे. उत्तरेपेक्षा दक्षिणेत हे प्रमाण अधिक आढळते. त्यांच्यासाठी ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु त्याच पाकिटाकडे दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बालकाची आई आशेने हात पुढे करते, तेव्हा ते दोन शब्द घातक ठरू शकतात.

दूध न पचणे आणि दुधाची अ‍ॅलर्जी असणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दोष साखरेचा असतो. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचविणारे लॅक्टेज हे विकर आतड्यात कमी पडले, की पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. दुसरीत दोष प्रथिनांचा असतो. केसिन किंवा व्हे प्रथिनांना शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही घडू शकते. त्याला कित्येकदा काही मिलिग्रॅम प्रथिनेही पुरतात.

आता पाकिटातील दुधाचे काय होते ते पाहू. गाईच्या २०० मिलिलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम लॅक्टोज आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. कारखान्यात त्यात लॅक्टेज मिसळले, की लॅक्टोजचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन तुकडे होतात, म्हणून ते दूध चवीला किंचित गोडही लागते. प्रथिने मात्र साडेसहा ग्रॅमच राहतात. अपचनाने त्रस्त आजोबांना हा पेला सुखाचा. अ‍ॅलर्जी असलेल्या नातवाला तो साध्या दुधाइतकाच धोक्याचा.

उलट बाजूची फसगतही तितकीच खरी. चहा-कॉफीत घालण्याच्या ‘नॉन-डेअरी’ पावडरीच्या वेष्टनावर दूध नसल्याचा भास होतो. घटकांच्या यादीत मात्र अनेकदा ‘सोडियम केसिनेट’ असते. ते दुधाच्या केसिनपासूनच बनते. बिस्किटे, चॉकलेट, मसालेदार चिप्स, सूप यांच्या यादीत ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे पावडर’, ‘केसिन’, ‘कॅल्शियम केसिनेट’, ‘बटरमिल्क पावडर’ अशी नावे आढळली, तर ते दूधच समजावे. व्हे म्हणजे पनीर करताना उरणारी निवळी. तिच्या पावडरीत लॅक्टोजही भरपूर असते, म्हणून ती दोन्ही प्रकारच्या रुग्णांना त्रासदायक. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते, पण प्रथिनांचा अंश राहू शकतो. अ‍ॅलर्जी असलेल्याने ते निर्धोक मानू नये. काही नावे मात्र केवळ भीती घालतात. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’ सामान्यतः वनस्पतिजन्य साखर आंबवून मिळवतात, आणि ‘कोको बटर’चा लोण्याशी संबंध नाही.

आपल्याकडचा हिरवा ठिपकाही येथे उपयोगी पडत नाही, कारण भारतीय व्याख्येत दूध शाकाहारीच आहे. दूध वगळल्याची खूण म्हणून २०२२ च्या नियमांनुसार ‘वीगन’ पदार्थांना स्वतंत्र चिन्ह आहे. तेही घटकांबद्दल बोलते. एकाच यंत्रावर आधी दुधाचा पदार्थ बनला असेल, तर अंश उरू शकतो. म्हणून चिन्ह असले तरी ‘दूध असू शकते’ अशी सूचना आहे का, ते पाहणे आवश्यक.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनी दुधासह अ‍ॅलर्जीकारक घटक ‘यात आहे’ अशा वेगळ्या ओळीत जाहीर करणे बंधनकारक केले आहे. रुग्णाच्या दृष्टीने पाकिटावरील सर्वांत विश्वासार्ह ओळ हीच. दुर्दैवाने ती बहुधा मागच्या बाजूस, बारीक अक्षरांत असते. शिवाय सक्ती इंग्रजी किंवा हिंदीची आहे; तमिळ वा बंगालीच वाचू शकणाऱ्या मातेपर्यंत ती पोहोचेलच असे नाही. दुसरीकडे ‘लॅक्टोज-फ्री’ हे शब्द पुढच्या बाजूस ठळकपणे मिरवतात.

उपाय अवघड नाही. पुढच्या बाजूस ‘लॅक्टोज-फ्री’ किंवा ‘नॉन-डेअरी’ असा दावा करणाऱ्या प्रत्येक पाकिटात दुधाची प्रथिने असतील, तर त्या दाव्याच्या शेजारीच, तेवढ्याच आकारात, ‘यात दुधाची प्रथिने आहेत’ असे लिहिण्याची सक्ती प्राधिकरणाने करावी; आणि ती ओळ जेथे माल विकला जातो तेथील भाषेतही असावी. उत्पादकांना त्यासाठी पदार्थात काडीचाही बदल करावा लागणार नाही, केवळ छपाईचा साचा बदलावा लागेल. तोवर ग्राहकाने पाकीट उलटे करूनच विकत घ्यावे.