गायतोंडे : आरंभ रोलरपासून

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या परिपक्व कालखंडाची ओळख झेन विचारापासून करून देण्याची प्रथाच पडली आहे. झेनशी त्यांचे नाते खरे होते; तरीही या प्रथेमुळे प्रेक्षक चित्र पाहण्याआधीच हात जोडतो. माझ्या मते आरंभ रोलरपासून व्हावा.

सुरुवातीच्या चित्रांत मानवाकृती आहेत, लघुचित्रांची आणि पॉल क्ले यांची छाया आहे. साठच्या दशकात कुंचला मागे पडला. रोलर आणि पॅलेट नाइफ हाती आले. तैलरंगाचा पातळ थर पसरायचा, ओला असतानाच तो कुठे खरवडायचा, कुठे उचलून घ्यायचा आणि त्यावर पुन्हा थर द्यायचा. पुढे फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी रंग कॅनव्हासवर उमटवला जाऊ लागला. अज्ञात लिपीची अक्षरे वाटावीत असे ते आकार येतात ते असे. चित्राच्या आतून येतोसा वाटणारा प्रकाशही वेगळा रंगवलेला नसतो; वरच्या विरळ थरातून खालचा रंग डोकावतो, इतकेच. (हे ‘इतकेच’ साधायला महिने लागत, वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत.)

‘अमूर्त’ हे विशेषण त्यांना मान्य नव्हते. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांनी पसंत केला. सूचीकाराने तोच वापरावा. छापील पानावर हे थर सपाट होतात आणि चित्र नुसते पिवळे किंवा करडे दिसते. म्हणून सूचीतील लेखाने त्या थरांचेच वर्णन करावे. प्रदर्शनात प्रेक्षकाला चित्राजवळ जाऊन पृष्ठभाग न्याहाळता यावा, एवढी मोकळी जागा ठेवावी.