वस्तऱ्यानंतर उठणारे फोड

काही आठवड्यांपूर्वी एक गृहस्थ दवाखान्यात आले आणि दार लोटून घेऊन हलक्या आवाजात बोलू लागले. त्यांचे वडील पंचाहत्तरीचे, मधुमेही, पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेले. डायपर बदलताना स्वच्छता राहावी म्हणून मदतनीसाने त्यांच्या गुह्यभागावरील केस वस्तऱ्याने काढले होते. दुसऱ्या दिवशी तेथे तांबडे, खाजरे फोड उठले. मदतनीसाने त्यांतील एक पिळला, त्यावर जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता लावला आणि वर पावडर टाकली. वडील संकोचाने काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी अंग पुसताना मुलाने पाहिले, तेव्हा जांघेत लिंबाएवढी कठीण, गरम गाठ झाली होती.

प्रथम हे फोड का येतात ते पाहू. या भागातील केस जाड आणि कुरळे असतात. वस्तऱ्याने कापल्यावर त्यांचे टोक अणकुचीदार होते. कातडी ताणून धरली किंवा केसांच्या उलट दिशेने पाते फिरवले, तर केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. तो वाढताना बाहेर न येता वळून पुन्हा कातडीत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखा परका मानते आणि त्याभोवती सूज येते. म्हणजे असा प्रत्येक फोड हा जंतुसंसर्ग नसतो. मात्र तो खाजवला वा पिळला, की जंतूंना आत जाण्यास वाट मिळते.

फोड लहान असतील, तर पहिला उपाय म्हणजे ते शमेपर्यंत वस्तरा पूर्ण बंद ठेवणे. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके दिवसातून दोनतीन वेळा दहा ते पंधरा मिनिटे ठेवावे. पाणी आधी आपल्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावे, कारण मधुमेही किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णाला चटका जाणवेलच असे नाही. नंतर जागा टिपून कोरडी करावी आणि डायपर काही काळ उघडा ठेवावा. केसाचा वळसा कातडीवर स्पष्ट दिसत असेल, तर स्वच्छ चिमट्याने टोक हलकेच मोकळे करावे, पण केस उपटू नये. न दिसणारा केस सुईने उकरू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली मलमे येथे वापरू नयेत. त्यांनी तांबडेपणा तात्पुरता लपतो, कातडी पातळ होते आणि संसर्ग आतल्या आत वाढू शकतो.

आता संसर्ग ओळखायचा कसा? साधा फोड काही दिवसांत उतरणीला लागतो. संसर्ग झालेला फोड दिवसागणिक अधिक दुखतो, गरम लागतो, त्यात पू होतो आणि तांबडेपणा पसरतो. तांबड्या भागाच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असेल, थंडी वाजत असेल, तरीही तसेच करा. वृद्धांमध्ये ताप येईलच असे मात्र नाही. अचानक जेवण सोडणे, असंबद्ध बोलणे किंवा वाढलेली साखर हीच कधी पहिली खूण असते.

दिसते त्यापेक्षा वेदना कितीतरी अधिक असणे, कातडी जांभळी वा काळी पडणे, त्यावर पाण्याचे फोड येणे, दुर्गंधी येणे, वृषणाची पिशवी झपाट्याने सुजणे, रुग्ण ग्लानीत जाणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तो कातडीखालील ऊतींना सडवणारा संसर्ग असू शकतो. तो क्वचित होतो, पण मधुमेहींना त्याचा धोका अधिक असतो आणि त्यात काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.

आमच्या रुग्णाची गाठ त्या थराला गेली नव्हती. साखर ३१० होती. शल्यचिकित्सकांनी छोटा छेद देऊन पू काढला, प्रतिजैविके दिली, इन्सुलिन वाढवले. जखम भरायला तीन आठवडे लागले.

मुलाने विचारले, ‘मग केस काढायचे तरी कसे?’ मी म्हटले, ‘काढायचेच कशाला?’ हे केस म्हणजे अस्वच्छता नव्हे. रोज सौम्य साबण व पाण्याने धुणे पुरेसे असते. डायपरमुळे अडचण होत असेल, तर कातडीला न भिडणाऱ्या ट्रिमरने चारपाच मिलिमीटर ठेवून छाटावेत. शस्त्रक्रिया ठरली असेल, तरी आदल्या दिवशी घरी वस्तरा फिरवू नका. गरज असल्यास रुग्णालयात क्लिपरने केस कापतात.

ज्यांना वस्तराच हवा, त्यांनी कोमट पाण्याने केस मऊ करून भरपूर फेस लावावा, नवे पाते घ्यावे, ते केसांच्या दिशेने दाब न देता फिरवावे आणि कातडी ताणू नये. एकाचा वस्तरा दुसऱ्याने कधीही वापरू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी अंग पुसताना जांघेकडे रोज एकदा नजर टाकावी. वडीलधारी माणसे या जागेचे दुखणे आपण विचारल्याखेरीज सांगत नाहीत.