पॅसेजवरच्या माळ्याची शिडी

लहान घरात पॅसेजवरचा माळा म्हणजे गोधड्या, ट्रंक आणि सणासुदीची भांडी ठेवण्याची हक्काची जागा. स्टुलावर उभे राहून सामान काढण्यापेक्षा ओढून खाली घेण्याची घडीची शिडी बरी, म्हणून आम्हीही ती करून घेतली. पण पहिल्या खेपेस चूक झाली, तीच आज सांगतो.

आमच्या माळ्याच्या कडेला शिडीची बिजागरी जमिनीपासून सरळ 7 फुटांवर आहे. कारागिराने तेवढीच 7 फुटांची शिडी केली. शिडी तिरपी उभी राहते, हे आमच्याही ध्यानात आले नाही. तिरकी लावताच पाय अधांतरी राहिले, म्हणून खाली लाकडाचा ठोकळा सारला. ठोकळा सरकला की चढणाऱ्याचे सारे वजन बिजागरीवर येई. महिनाभरात स्क्रू गिलाव्यासकट सुटून आले. घरची मंडळी तेव्हा वर नव्हती, एवढेच नशीब.

लांबी काढण्याची रीत सोपी आहे. उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका शिडीचा पाय पुढे यावा. 7 फुटांना 21 इंच. बिजागरीच्या सरळ खाली जमिनीवर खूण करा, तिथून 21 इंच पुढे दुसरी खूण करा. बिजागरीपासून या खुणेपर्यंत सुतळी ताणून मोजा. आमची भरली 7 फूट अडीच इंच. हीच खरी लांबी, रबरी बूट धरून. शिडी पॅसेजच्या लांबीच्या दिशेने उघडावी, आडवी नव्हे.

सागवानी शिडी मजबूत, पण डोक्यावरून उतरवताना जड. लोखंडी तर त्याहून जड, आणि मोरीजवळच्या ओलीने गंजते. आम्ही अल्युमिनियम घेतले. पायऱ्या चपट्या आणि सारख्या अंतरावर, साधारण 10 इंचांवर असाव्यात. मात्र अल्युमिनियममधून वीज वाहते, तेव्हा ट्यूबलाइटची उघडी वायर आधी नीट करून घ्या.

बसवताना लाकडी गिट्टीतले स्क्रू नकोत. माळा सिमेंटचा असेल तर कडेवर लोखंडी अँगल ठेवून, कडेपासून चार इंच आत आरपार बोल्ट घाला आणि खालून लोखंडी पट्टी व वॉशर लावून आवळा. अगदी कडेला भोक पाडले तर काँक्रीट फुटते. माळा फळ्यांचा असेल तर अँगल फळीला नव्हे, खालच्या तुळईला धरवा. शिडी वर घडी करून ठेवल्यावर कडीबरोबर एक साखळीही हवी. एक निसटली तरी दुसरी धरते.

शेवटी एक परीक्षा. शिडी उघडून दोन्ही पायांखाली कागदाची पट्टी सारून पाहा. पट्टी सहज निघाली तर तो पाय टेकलेला नाही. तो टेकेपर्यंत कुणालाही वर चढू देऊ नका.