थकते ती करुणा नव्हे

दहावीतल्या एका मुलाचे वडील दवाखान्यात आहेत. तीन शिक्षकांना ते कळतं. पहिले ‘बिचारा!’ म्हणतात आणि हजेरी घ्यायला लागतात. ही सहानुभूती, काठावरून वाटलेली हळहळ. दुसऱ्या बाईंच्या घशात आवंढा येतो, रात्री झोप लागत नाही. मुलाचं दुःख जणू त्यांच्याच अंगात उतरतं. ही समानुभूती. उर्दूतल्या ‘हमदर्दी’ची फोडही हीच: हम म्हणजे सोबत, दर्द म्हणजे वेदना. तिसऱ्या बाईंनाही वाईट वाटतं, पण त्यांचं लक्ष मुलावर राहतं. डबा आणलास का, संध्याकाळी घरी कोण असतं, एवढं विचारून त्या बुडालेला धडा कधी करून घ्यायचा ते ठरवतात. ही करुणा. उर्दूत, रहम.

वर्षअखेरीस सर्वांत आधी मोडतात त्या दुसऱ्या बाई. लोक म्हणतात, ‘फार दयाळू, म्हणून थकल्या.’ हे निदान चुकीचं आहे.

मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर यांनी 2007 साली मॅथ्यू रिकार या बौद्ध भिक्षूंना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवलं. रुमानियातल्या अनाथाश्रमातल्या हाल झालेल्या मुलांवरचा माहितीपट त्यांनी पाहिला होता. ती मुलं आठवून फक्त त्यांची वेदना अनुभवायची, करुणेकडे वळायचं नाही, असं ठरलं. तासाभरात रिकार गळून गेले. मग करुणेची मुभा मिळाली. दृश्यं तीच होती, पण आता त्या मुलांपासून दूर पळावंसं न वाटता त्यांना जवळ घ्यावंसं वाटू लागलं. पुढे सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी सामान्य स्वयंसेवकांनाही असाच सराव दिला. समानुभूतीच्या सरावानंतर दुःखाची दृश्यं पाहताना त्यांचा त्रास वाढला. त्यांनाच करुणेचा सराव दिल्यावर तो उतरला आणि मायेची भावना वाढली. म्हणून ‘करुणेचा थकवा’ हे प्रचलित नाव या दोघींना मान्य नाही. थकवते ती वेदनेची लागण.

ती ओळखता येते. नर्स एका खाटेजवळून नजर चुकवून जाते. आईची सेवा करणारी लेक क्षुल्लक कारणावरून खेकसते आणि नंतर रडते. बाहेरून हा कोडगेपणा दिसतो. खरं तर तो स्वतःची वेदना थांबवण्याचा प्रयत्न असतो. अशा वेळी ‘मला किती सहन होत नाही’ यावरून ‘याला आत्ता काय हवंय’ याकडे मन वळवणं हा सराव आहे. तो एका दिवसात जमत नाही.

पण याचा आधार घेऊन संस्थाचालकांनी हात झटकू नयेत. सत्तर मुलांचा वर्ग आणि सलग दोन पाळ्या यांवर मनाचा सराव हा इलाज नाही. शिक्षकांसाठी करुणेची कार्यशाळा ठेवायची आणि रिकामी पदं तशीच ठेवायची, यात करुणा कुठे आहे?