डॉक्टरांचं सांत्वनपत्र: आधी भेट, मग कागद



मागच्या महिन्यात स्थानकातून निघताना पायरीवर एक गोष्ट कानावर आली. आपल्याच लोकांच्या देणगीवर चालणाऱ्या एका दवाखान्याने ठरवलंय म्हणे, की तिथे पेशंट वारला तर पंधरा दिवसांनी घरच्यांना डॉक्टरांच्या सहीचं सांत्वनपत्र पाठवायचं. मजकूर एकच, नाव तेवढं बदलायचं. सगळ्या जणी म्हणाल्या, "किती छान विचार आहे!" मी म्हणाले, "माझा याला विरोध आहे." दोघी-तिघींना राग आला. त्यांच्यासाठीच आज सविस्तर लिहिते.

आधी घरचं सांगते. आमच्या खापरहून पेशंट गंभीर झाला की नंदुरबारला न्यायचा, नाहीतर सीमा ओलांडून गुजरातेत. तीन वर्षांपूर्वी माझे मोठे दीर असेच तिकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस आयसीयूत होते. न्यूमोनिया झाला, त्याचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला. शेवटच्या रात्री दहा वाजता सगळ्यांना खाली पाठवलं. पहाटे पावणेपाचला वर बोलावलं आणि सांगितलं, "हृदय बंद पडलं." उठावणा झाला, पाहुणे गेले, आणि सोळाव्या दिवशी कुरियरने पत्र आलं. गुळगुळीत कागद, इंग्रजी मजकूर. नातवाने वाचून मराठीत सांगितलं: आम्ही शर्थीचे प्रयत्न केले, तुमच्या दुःखात सहभागी आहोत, काही शंका असल्यास संपर्क करा.

जाऊबाईंनी दोन वेळा वाचून घेतलं. मग विचारलं, "शेवटी त्यांनी मला हाक मारली का, हे लिहिलंय का यात?" नव्हतं लिहिलं. खाली दिलेल्या नंबरवर पुतण्याने फोन लावला, तर तो रिसेप्शनचा निघाला. "ते डॉक्टर आता इथे नाहीत, तुम्ही लेखी अर्ज करा." त्यानंतर जाऊबाई पत्र कपाटात ठेवायच्या, काढायच्या, पुन्हा ठेवायच्या. पत्र येण्याआधी त्या नुसत्या रडत होत्या. पत्र आल्यावर झोप गेली. "मी खाली का गेले, वरच बसून राहायला हवं होतं," एवढंच रात्रभर.

तेव्हा मला वाटलं, आमच्याच घरचं दुःख जास्त, पत्राचा काय दोष! पण पुढे कळलं की फ्रान्समध्ये हे रीतसर तपासून पाहिलंय. तिथल्या २२ आयसीयूंमध्ये मृत पेशंटच्या २४२ नातेवाइकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पंधरा दिवसांनी डॉक्टर आणि नर्सकडून सांत्वनपत्र गेलं, दुसऱ्याला नाही. आणि पत्र छापील नव्हतं हं, हाताने लिहिलेलं होतं. त्यात गेलेल्या माणसाचं नाव, त्याच्याबद्दल एखादी आठवण, घरच्यांनी केलेल्या सेवेची दखल आणि मदतीची तयारी, असं सगळं होतं. २०१७ साली निकाल छापून आला. महिन्याने पाहिलं तर दोन्ही गटांत विशेष फरक नाही. सहा महिन्यांनी मात्र पत्र मिळालेल्यांचीच स्थिती वाईट निघाली. नैराश्याची लक्षणं पत्र न मिळालेल्यांत शंभरात २५ जणांना होती, मिळालेल्यांत ३७ जणांना. त्या प्रसंगाचा धसका मनात बसून राहण्याची लक्षणं ३७ विरुद्ध ५२.

ज्यांनी हा अभ्यास केला त्यांना पत्राचा फायदा होईल असंच वाटत होतं. उलटं निघालं, तरी त्यांनी ते छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अर्थात तो दुसरा देश, माणसं थोडी, आणि सगळे मृत्यू आयसीयूतले. एका अभ्यासावरून पत्र म्हणजे विषच असं मी म्हणणार नाही. पण "पत्राने नुकसान तर होणार नाही ना" हे जे आपण गृहीत धरतो, ते तरी यापुढे धरता येत नाही.

असं का व्हावं? माझा अर्थ मी सांगते. पंधराव्या दिवशी घर जरा सावरायला लागलेलं असतं. त्या वेळी पत्र येतं आणि माणूस पुन्हा त्या आयसीयूच्या दारात जाऊन उभा राहतो. मनातले प्रश्न वर येतात, आणि उत्तर द्यायला समोर कोणी नसतं. पत्राला प्रश्न विचारता येत नाही. मी कॉमर्सची, म्हणून माझ्या भाषेत सांगते: दवाखान्याच्या जावक रजिस्टरमध्ये नोंद झाली, त्यांच्या बाजूने खातं बंद. आपल्या बाजूला बाकी तशीच राहिली.

मग उपयोग कशाचा होतो? त्याच फ्रेंच मंडळींपैकी काहींनी पुढे दुसरा अभ्यास केला. तो २०२२ साली आला, ३४ आयसीयू आणि ८७५ नातेवाईक. या वेळी पत्राऐवजी तीन भेटी ठेवल्या. पहिली, पेशंट वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, मृत्यूच्या आधी, घरच्यांना बसवून सांगायचं. दुसरी, शेवटच्या काळात डॉक्टर आणि नर्सने खोलीत येऊन घरच्यांपाशी थांबायचं. तिसरी, मृत्यूनंतर समोरासमोर बसून सांत्वन करायचं आणि राहिलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. सहा महिन्यांनी दुःखातून बाहेर न येता त्यातच अडकून राहिलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत शंभरात २१ होतं, तीन भेटींच्या गटात १५. फरक प्रचंड नाही, पण दिशा बरोबर आहे. आणि या तीनपैकी दोन भेटी माणूस जिवंत असतानाच्या आहेत, हे लक्षात घ्या.

आमच्या घरी काय झालं ते पूर्ण करते. शेवटी पुतण्याने लेखी अर्ज देऊन केसपेपर मागितले. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे पेशंटने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि ते मिळाले. त्यात नर्सच्या रात्रपाळीच्या नोंदी होत्या. त्यावरून त्या रात्री ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरचा पत्ता लागला. त्याने स्वतः फोन केला, दहा-बारा मिनिटं बोलला. म्हणाला, "काकी, त्यांना नळी होती, झोपेचं औषध चालू होतं, ते बोलू शकत नव्हते. म्हणून हाक मारली नाही. दोन वाजल्यानंतर बीपी उतरत गेलं. तुम्हाला तेव्हाच वर बोलवायला हवं होतं. ते राहिलं, माझं चुकलं." जाऊबाई फोन ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. त्या रात्री झोपल्या. दुःख गेलं नाही, पण "मी खाली का गेले" हे थांबलं.

आता मला उत्तर म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातील.

पहिली, "डॉक्टर घाबरतात. असं बोलले, लिहिलं, की कोर्टात जातं." भीती खोटी नाही. दवाखान्यात मारहाणीही होतात, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण दुःख व्यक्त करणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की उपचाराला यश आलं नाही एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर असावा लागतो. आणि आमचा अनुभव विचाराल तर त्या गुळगुळीत पत्रानंतर पुतण्या वकिलाकडे निघाला होता. त्या फोननंतर थांबला.

दुसरी, "डॉक्टरांना वेळ कुठे आहे?" २००१ साली अमेरिकेतल्या डॉक्टर बेडेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात सांत्वनपत्राच्या बाजूने लेख लिहिला होता. डॉक्टर पत्र का लिहीत नाहीत याची कारणं त्यांनी प्रामाणिकपणे दिली: वेळ नसतो, काय लिहावं सुचत नाही, आणि पेशंट गेला म्हणजे आपण हरलो असं वाटतं. तिसरं कारण मला खरं वाटतं. छापील पत्र या तिसऱ्या कारणावरचीच पळवाट आहे. तोंड न दाखवता सही होते.

म्हणून माझं म्हणणं असं. पत्र हवंच असेल तर ते शेवटी. आधी भेट. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनीच लिहावं, घरच्यांना वाचता येईल त्या भाषेत लिहावं, आणि खाली त्यांची स्वतःची भेटीची वेळ असावी. मृत्यूचं कारण नीट सांगावं. "हृदय आणि श्वास बंद पडला" हे कारण नाही, मरताना ते प्रत्येकाचंच बंद पडतं. कशामुळे पडलं, ते कारण. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दवाखान्याने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र जवळच्या नातेवाइकाला देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पत्रात बिलाचा विषय नको, "आमच्या सेवेला किती गुण द्याल" असला मेसेजही त्या घरी जायला नको.

असं पत्र मोठं लागत नाही. हे पाहा:

"काकी, काकांवर नऊ दिवस मी उपचार केले. न्यूमोनियाचं इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि औषधांना दाद मिळाली नाही. पहिल्या दिवशी नळी घालण्याआधी त्यांनी मला दुकान कोण सांभाळतंय ते विचारलं होतं, ते लक्षात राहिलं. तुम्ही रोज दोन्ही वेळा येत होता, ते आम्ही पाहिलं. आपण त्या दिवशी बोललो, तरी नंतर प्रश्न सुचतात. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच मी या नंबरवर स्वतः असतो."

सहा-सात ओळी. पण ज्याने पेशंटला पाहिलंच नाही, त्याला या लिहिता येणार नाहीत. हीच याची परीक्षा.

संवत्सरीला मोबाईलवर एकाच वेळी दोनशे जणांना क्षमेचा मेसेज जातो, तेव्हा आपल्यालाच कसंसं होतं ना? आधी आलोचना, मग क्षमा, हा क्रम आपल्याला लहानपणापासून शिकवलाय. दवाखान्यालाही तोच लावा.

तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरातली माणसं अशा ट्रस्टवर आहेत. आज संध्याकाळी चौविहाराआधी जेवायला बसतील तेव्हा एवढंच विचारा: "तुमच्या दवाखान्यात माणूस शेवटच्या घटका मोजत असेल, तर घरच्यांना वर बोलावतात का? आणि नंतर त्यांच्याशी डॉक्टर बसून बोलतात का?" उत्तर "नाही" आलं, तर पत्राच्या छपाईचे पैसे आधी दोन खुर्च्यांवर आणि एका शांत खोलीवर खर्च करायला सांगा.

कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मत मात्र तेच आहे.