‘सेटल्ड’ झालं, पण रक्कम कुठली?

पीएफचा दावा टाकल्यापासून माणूस रोज पोर्टलवर ‘Track Claim’ उघडून बघतो. आधी ‘Under Process’ दिसतं, मग एक दिवस ‘Settled’. दोन-तीन दिवसांत बँकेत पैसे येतात आणि ते अपेक्षेपेक्षा कमी निघतात. कंपनीने खाल्ले, असा संशय तिथेच सुरू होतो. बहुतेक वेळा कोणी काही खाल्लेलं नसतं, पण हिशेबही कोणी सांगितलेला नसतो.

दरमहा १५,००० पगारावर चार वर्षं नोकरी केलेल्या कामगाराचं उदाहरण घ्या. त्याचे १,८०० कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यांतले १,२५० पेन्शनकडे जातात आणि पीएफमध्ये फक्त ५५० पडतात. चार वर्षांनी पासबुकात पीएफचे दोन रकाने व्याजासह सुमारे १,३२,००० दाखवतात आणि पेन्शनचा तिसरा रकाना ६०,०००. तो तिन्हींची बेरीज करून १,९२,००० ची वाट बघतो आणि हाती येतात १,१८,८००.

या फरकातले ६०,००० बुडालेले नाहीत. फॉर्म १९ फक्त पीएफचा असतो. पेन्शनसाठी फॉर्म १०-सी वेगळा भरावा लागतो. तिथे रकान्यातली बेरीज जशीच्या तशी मिळत नाही. सेवाकाळ आणि शेवटचा पगार यांवरून ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे रक्कम निघते आणि तिच्यावर व्याज नसतं. सेवा दहा वर्षांची झाली की हा पर्याय संपतो, मग पेन्शनच घ्यावी लागते.

उरलेले १३,२०० हा कर. सेवा पाच वर्षांहून कमी आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल, तर दहा टक्के टीडीएस कापला जातो; पॅन जोडलेला नसेल तर वीस टक्के. पासबुकातून वजा झालेली आणि बँकेत जमा झालेली रक्कम शेजारी मांडा. फरक बरोबर दहावा हिस्सा असेल, तर तो कर आहे. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण हे त्या कामगाराला सांगणार कोण?

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो आधी दुसरीकडे तीन वर्षं काढलेल्यांसाठी. जुनं खातं नव्यात वर्ग केलं असतं, तर सेवा सात वर्षांची धरली गेली असती आणि एक रुपयाही कापला गेला नसता. ते न करता दावा टाकला की चारच वर्षं मोजली जातात.

भविष्य निर्वाह निधी संघटनेने ‘Settled’ या शब्दाखाली तीन ओळी द्याव्यात: पीएफ किती, कर किती, पेन्शनचा दावा बाकी आहे की नाही. आणि नोकरी बदललेल्यांनी दावा टाकण्याआधी जुनं खातं वर्ग झालंय का, ते पासबुकात बघून घ्यावं.