शिळ्या वाढीचा फसवा गुलाबी रंग

ग्रॅम रंजनात स्लाइडवरच्या सर्वच जिवाणूंना आधी एकच रंग चढतो. क्रिस्टल व्हायोलेट पेशीत शिरते आणि त्यावर घातलेल्या आयोडिनशी जुळून त्याचे मोठे, सहज न निघणारे संयुग बनते. इथपर्यंत सगळ्या पेशी जांभळ्याच असतात. फरक पडतो तो अल्कोहोलच्या पायरीवर. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो. अल्कोहोलने त्यातले पाणी निघून जाते, थर आक्रसतो आणि संयुग आत अडकते. ग्रॅम-निगेटिव्ह पेशींचे लिपिडयुक्त बाह्य पटल अल्कोहोलने विस्कटते, खालचा पातळ थर संयुगाला अडवू शकत नाही आणि पेशी रंगहीन होते. शेवटच्या सॅफ्रॅनिनने ती गुलाबी दिसते. थोडक्यात, हान्स क्रिश्चियन ग्रॅम यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत भित्तिका संयुगाला किती धरून ठेवते तेच दाखवते.

म्हणूनच वाढीचे वय महत्त्वाचे ठरते. पोषण संपत आले की नव्या भित्तिकेची बांधणी मंदावते, पण पेशीची स्वतःची भित्तिका-विघटक विकरे थांबत नाहीत. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियममध्ये थर पातळ होत जातो, मेलेल्या पेशींची भित्तिका फाटते आणि अल्कोहोल लागताच जांभळा रंग वाहून जातो.

समजा, शुक्रवारी लावलेल्या ब्लड अगार प्लेटवरची वसाहत सोमवारी रंगवली. क्षेत्रात बहुतांश गुलाबी दंडाणू आणि अधूनमधून जांभळे दिसतात. घाईत ‘ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू’ अशी नोंद होते आणि पुढच्या सगळ्या चाचण्या चुकीच्या दिशेने जातात. याच स्लाइडवर काही पेशींमध्ये रंग न घेतलेले लंबगोल बीजाणू दिसले, तर तो बॅसिलस असण्याची शक्यता मोठी. नेहमीचे आंत्र-दंडाणू बीजाणू करत नाहीत.

अल्कोहोल जास्त वेळ राहिले तरी हेच चित्र दिसते. दोष कशाचा, हे त्याच स्लाइडच्या कडेला स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलायचे ताजे स्मिअर घेतले की कळते. स्टॅफिलोकोकसही गुलाबी झाला तर चूक हाताची. तो जांभळा राहिला तर संशय नमुन्याच्या वाढीवर. 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात वसाहत कालवल्यावर ग्रॅम-निगेटिव्ह पेशी फुटून चिकट तार ओढली जाते, त्याचाही आधार घेता येतो. पण फाटलेल्या भित्तिकेपुढे ही चाचणीही फसू शकते, तेव्हा तीसुद्धा ताज्या वाढीवरच करावी.

ही चूक प्रामुख्याने एकाच दिशेने होते: जुने पॉझिटिव्ह निगेटिव्ह भासतात. वयाने निगेटिव्ह पेशीला जाड भित्तिका येत नाही. ती जांभळी दिसली, तर आधी स्मिअरची जाडी आणि अपुरे विरंजन तपासावे. शिळ्या प्लेटवरून निकाल देऊ नये. पुन्हा लावून 18 ते 24 तासांची वाढ रंगवावी आणि अहवालासोबत वाढीचे वयही नोंदवावे.